कीशचा तळ गचगचीत का होतो?

कीश म्हणजे फ्रान्सच्या लोरेन भागातला तिखटमिठाचा टार्ट, खाली बटरचं खुसखुशीत कवच आणि आत अंडी, दूध, क्रीम, बेकनचे तुकडे. मी पहिल्यांदा केला तेव्हा वरून एकदम फोटोसारखा दिसत होता, पण सुरी घातली तर खाली पाणी आणि तळ बिस्किट चहात पडल्यासारखा. मला वाटलं कवच कच्चं राहिलं, पण अर्धी चूक आतल्या सारणाची होती.

अंड्यातली प्रोटीन्स तापली की उलगडतात आणि एकमेकांत अडकून जाळं करतात, दुधातलं पाणी त्यात धरलं जातं. अंडं जास्त तर सारण ऑम्लेटसारखं रबरी, दूध जास्त तर जाळं विरळ आणि सारण धड सेटच होत नाही. वजनाने अंडं एक भाग आणि दूध-क्रीम दोन भाग हे प्रमाण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. 9 इंची टिनला 3 मोठी अंडी, म्हणजे कवचाशिवाय साधारण 150 ग्रॅम, त्याला 300 ग्रॅम दूध-क्रीम अर्धंअर्धं. आपल्याकडची अंडी बरेचदा लहान असतात त्यामुळे मोजू नका, वजन करा.

नुसतं अंडं 70 अंशांच्या आसपास घट्ट होतं, पण दूध घातलं की प्रोटीन्स लांब लांब जातात म्हणून सारण सेट व्हायला 78-80 लागतात. 85च्या पुढे गेलं की जाळं आवळतं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं, दह्याला पाणी सुटतं ना तसंच, आणि ते सगळं खाली कवचात मुरतं!! म्हणजे जास्त भाजल्यानेही तळ ओला होतो. कापल्यावर सारणात बारीक भोकं दिसली तर समजायचं की हेच झालंय. त्यामुळे कडा घट्ट आणि मधला भाग हलवल्यावर जेलीसारखा थरथरतोय तेव्हाच बाहेर काढा, उरलेलं काम आतली उष्णता करते.

आता कवच. ते आधी रिकामंच भाजायचं, वर बटर पेपर आणि त्यात सुका राजमा भरून (तो राजमा नंतर शिजवायला घेऊ नका, पुढच्या कीशला ठेवा) 190 अंशांवर 15-18 मिनिटं, मग राजमा काढून तळ कोरडा आणि फिकट सोनेरी होईपर्यंत अजून 8-10 मिनिटं. लगेच गरम तळावर फेटलेल्या अंड्याचा पातळ हात फिरवून 2 मिनिटं परत आत, की बारीक भेगा बुजतात.

तिसरं कारण भाजीचं पाणी, आणि माझ्या कीशमध्ये तेही होतंच कारण मी बेकनऐवजी मशरूम कच्चेच टाकले होते. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून आधी मोठ्या आचेवर परतायचे, पाणी सुटेल, ते आटून कढईत परत चरचर आवाज यायला लागला की झाले, आणि गार करूनच घालायचे.