ओळ कधी दिसावी? लिरिक व्हिडिओची पार्श्वभूमी

गणपती जवळ आले की पुण्यात मंडळांची नवी गाणी येतात आणि पाठोपाठ त्यांचे लिरिक व्हिडिओ. चार-सहा फोटो असतात आणि त्यांवर आवाजाबरोबर बदलणाऱ्या ओळी. शूटिंगला पैसे नसले की हा मार्ग निघतो. प्रकार मोबाइलच्या काळातला वाटतो, पण त्याचं मूळ सिनेमाच्याही आधीचं आहे.

कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाने पडद्यावर पाडायची आणि सोबत निवेदन, संवाद, संगीत. त्याच दशकात अमेरिकेत गायक पडद्याशेजारी उभा राहून गायचा आणि कडव्यांनुसार रंगीत काचा बदलायच्या. धृपदाची काच आली की प्रेक्षक सूर मिळवायचे. काच सरकवणाऱ्याचे कान गायकाकडे असायचे; गायकाने ओळ लांबवली तर काचही थांबायची. वेळ कुठे लिहून ठेवण्याची गरजच नव्हती.

गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि ही मुभा गेली. १९२४ पासून ॲनिमेशनपट बनवणाऱ्या फ्लायशर बंधूंनी अमेरिकेत शब्दांवर उड्या मारत जाणारा चेंडू पडद्यावर आणला. ओळीतला नेमका कुठला शब्द चालू आहे, हे त्यामुळे कळू लागलं. आपल्याकडे ब्रिज कोठारी यांच्या प्रयत्नातून १९९९ मध्ये गुजराती दूरदर्शनवर चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दिसू लागले. हेतू साक्षरतेचा होता आणि गायलेला शब्द रंग बदलायचा. आजच्या लिरिक व्हिडिओचं हे सख्खं नातं, असं मी मानतो.

संगणकावर हीच गोष्ट साध्या मजकुराच्या फाइलीत उतरली. LRC फाइलीत ओळीआधी मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे शंभरावे भाग असतात:

```
[00:41.20]शब्द माझे ओले झाले
[00:47.85]आणि दारी पाऊस आला
```

इथे देवनागरीची स्वतःची अडचण उभी राहते. इंग्रजी कराओकेत शब्द उच्चाराप्रमाणे तोडून एकेक तुकडा रंगवता येतो. ‘शब्द’ गाताना मात्र आवाज ‘शब्-द’ असा तुटतो, आणि नेमका तिथेच लिपीत जोडाक्षर आहे. तिथे कापलं की ‘ब्द’ सुटतो आणि पडद्यावर पाय मोडलेला ‘ब्’ दिसतो. ‘दारी’मधला काना वेगळा पडला तर त्याच्या आधी ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं. म्हणून मराठीत रंग शब्दागणिक बदलावा, फार तर पूर्ण अक्षरागणिक. जोडाक्षराच्या पोटात शिरू नये. एक जुनं दुखणंही आहे. पुण्यातल्याच श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं डीटीपी झालं. तिथल्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली गाण्याची फाइल व्हिडिओत चिकटवली की नुसती अगम्य चिन्हं येतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर रफार व ऱ्हस्व वेलांट्या डोळ्यांनी तपासाव्या लागतात.

वेळ लावण्याची पद्धत फारशी बदललेली नाही: गाणं ऐकायचं आणि ओळ सुरू झाली की कळ दाबायची. वरच्या उदाहरणात आवाज ४१.२० ला सुरू होतो, पण कानाने ऐकून बोट पडेपर्यंत ४१.४० होतात. शिवाय ओळ आवाजाच्या क्षणीच दिसली तरी वाचणाऱ्याला ती उशिरा वाटते. निदान अर्धा सेकंद आधी समोर हवी. म्हणजे ती ४०.७० ला यावी आणि कळ दाबून नोंदलेल्या सगळ्या वेळा ०.७० सेकंदांनी मागे घ्याव्यात. दोन ओळींमध्ये आलाप असेल तर आधीची ओळ आलाप संपेपर्यंत ठेवावी की पडदा मोकळा सोडावा, यावर मतभेद आहेत. माझ्या मते शेवटचं अक्षर घोळवलं जात असेपर्यंत ओळ राहावी, वाद्यं सुरू झाली की जावी. फोटो मात्र ओळीला नव्हे, अंतऱ्याला बदलावा, नाहीतर डोळा चित्राकडे पळतो आणि शब्द हुकतात.

चूक ओळखायला संपूर्ण गाणं ऐकायची गरज नाही. पहिली, मधली आणि शेवटची ओळ बघावी. तिन्हीकडे सारखाच फरक असेल तर सगळ्या वेळा तेवढ्याच सरकवल्या की झालं. फरक वाढत गेला असेल तर वेगाचा घोळ आहे. वेळा सेकंदाला २५ फ्रेम धरून मोजल्या आणि व्हिडिओ २४ चा निघाला, तर तीन मिनिटांच्या गाण्यात शेवटी जवळपास सात सेकंदांचं अंतर पडतं; तिथे नुसतं सरकवून भागत नाही, सगळ्या वेळांना त्याच प्रमाणात ताणावं लागतं. आणि सुरुवात बरोबर असून एका अंतऱ्यानंतर पुढचं सगळं एकाच अंतराने चुकत असेल, तर वेळा गाण्याच्या दुसऱ्याच प्रतीवर लावलेल्या असतात, बहुधा मधलं वाद्यसंगीत कापलेल्या. तेव्हा त्या जागेपासून पुढच्याच ओळी सरकवायच्या, आधीच्यांना हात लावायचा नाही.