दोन कॉप्या, एक फरक, आणि फक्त ३१ हॅश

समजा कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये एकच डेटा तीन नोडवर ठेवलाय, आणि तिसरा नोड रात्री पाच तास बंद पडला. त्या वेळात आलेले राइट्स बाकीचे नोड ‘हिंट’ म्हणून बाजूला ठेवतात, पण डिफॉल्टला फक्त पहिले तीन तास. पुढच्या दोन तासांचं काहीच जपलं जात नाही. सकाळी नोड उठतो, सगळं हिरवं दिसतं, आणि एखाद्या ग्राहकाचा मोबाइल नंबर कधी नवा येतो तर कधी जुना, म्हणजे वाचणारा कुठल्या नोडवर जाऊन पडला त्यावर.

आता हा फरक शोधायचा कसा? दहा लाख पार्टिशन, म्हणजे एकत्र ठेवलेल्या रोंचे गठ्ठे, नेटवर्कवरून पाठवून एकेक ताडून बघणं परवडत नाही. म्हणून `nodetool repair --full` चालवला की प्रत्येक नोड आपल्या डेटाचं मर्कल ट्री बांधतो. प्रत्येक पार्टिशनला मिळणारा आकडा म्हणजे टोकन. या टोकनच्या रेंजचे समजा ३२,७६८ तुकडे, प्रत्येक तुकड्यातल्या डेटाचा एक हॅश, म्हणजे डेटा जरा बदलला तरी बदलणारा छोटा ठसा, ही झाली पानं. मग दोन-दोन हॅश मिळून वरचा एक, असं करत पंधरा पायऱ्या चढून एकच रूट (हो, या झाडाचं मूळ वर असतं).

रूट जुळला तर विषय संपला. नाही जुळला तर खालचे दोन बघायचे, डावा सारखा निघाला तर त्याखालच्या पाच लाखांकडे ढुंकूनही बघायचं नाही, उजवीकडे उतरायचं. एकच पार्टिशन बिघडलं असेल तर १ + १५ × २, म्हणजे ३१ हॅश ताडून आपण नेमक्या पानावर पोचतो.

पण पानाच्या आत काय बिघडलंय ते झाडाला कळत नाही. एका पानात साधारण ३० पार्टिशन येतात, त्यामुळे एकासाठी तीसही पाठवावी लागतात. आणि खरा खर्च तुलनेचा नाहीच, झाड बांधायला अख्खा डेटा डिस्कवरून वाचावा लागतो त्याचा आहे. `nodetool compactionstats` मध्ये Validation दिसायला लागलं की समजायचं, डिस्क आता घाम गाळतेय.

अजून एक गोची. कोण बरोबर हेही झाड सांगत नाही, ते टाइमस्टॅम्प ठरवतो, नवा तो खरा. आता त्या दोन तासांत एखादी रो डिलीट झाली असेल तर दोन नोडवर टूंबस्टोन, म्हणजे ‘ही गेली’ अशी खूण, आणि तिसऱ्यावर रो जिवंत. दहा दिवसांच्या आत (`gc_grace_seconds` = ८,६४,०००) रिपेअर केलं तर खूण नवी म्हणून जिंकते. पण पुढे ढकलत बसलात आणि कॉम्पॅक्शनने, म्हणजे फाइली एकत्र करून जुनं टाकून देणाऱ्या कामाने, खुणा साफ केल्या, की दोघांकडे काहीच नाही आणि तिसऱ्याकडे रो, मग झाड इमानदारीत फरक दाखवतं आणि रिपेअर ती मेलेली रो उचलून तिन्हीकडे परत नेऊन ठेवतं.