गॅलीपासून फोनपर्यंत

ठाण्यातल्या एका छोट्या साप्ताहिकाचा अंक दर आठवड्याला पीडीएफ करून वाचकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचं काम माझ्याकडे आहे. तक्रार नेहमी एकच येते. लोकलमध्ये उभ्याने एका हाताने वाचायचं, तर पान मोठं करा, खाली सरकवा, मग तिरकं वर जाऊन दुसरा कॉलम शोधा.

यातली गंमत मोजपट्टी लावली की कळते. आमच्या पानाची छपाई २५ सेंटिमीटर रुंद आहे. चार कॉलम, मध्ये अर्ध्या सेंटिमीटरच्या तीन मोकळ्या पट्ट्या. म्हणजे एक कॉलम सहा सेंटिमीटरला जरा कमी. साध्या फोनचा पडदा साडेसहा ते सात सेंटिमीटर रुंद असतो. कॉलम मुळातच फोनच्या मापाचा आहे. पूर्ण पान पडद्यावर बसवलं की मात्र १० पॉइंटांचं अक्षर अडीच पॉइंटांच्या आसपास येतं. तेव्हा अक्षर मोठं करणं हा अर्धाच प्रश्न. कॉलम कोणत्या क्रमाने एकाखाली एक लावायचे, हा उरलेला आणि जास्त अवघड अर्धा.

शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची, त्या काळात हा क्रम हरवलेला नव्हता. कंपोझिटर मजकूर गॅलीत जुळवायचा, आणि गॅली म्हणजे एकच लांब उभी पट्टी. तिचं प्रूफ तपासून झाल्यावर पान लावताना तिचे तुकडे व्हायचे. पुढे ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटोच्या कागदावर काढलेल्या मजकुराच्या पट्ट्या कात्रीने कापून चिकटवल्या जात, तेव्हाही तसंच. १९८५ साली संगणकावर पान लावणारं पेजमेकर आलं. त्यातही बातमीचे तुकडे एकमेकांना जोडलेले असायचे. पहिल्यात एक ओळ वाढवली की शेवटचा तुकडा सरकायचा.

हा धागा तुटला तो पीडीएफमध्ये. १९९३ साली आलेल्या या फाइलचा हेतू पान सगळीकडे हुबेहूब तसंच दिसावं, एवढाच होता. त्यामुळे कोणतं अक्षर पानावर नेमकं कुठे, हे तिच्यात असतं; परिच्छेद आणि कॉलम हे शब्द तिला ठाऊक नसतात. २००१ साली रचनेच्या खुणा जोडण्याची सोय झाली, पण त्या खुणा फाइल बनवणाऱ्याने घातल्या तरच. आमच्या जुन्या अंकांत एकही नाही.

मग संगणकाला पान बघूनच क्रम ओळखावा लागतो. त्याची एक मूळ रीत १९८४ साली नागी आणि सेठ या संशोधकांनी मांडली. पानावर आडवी किंवा उभी सलग मोकळी जागा शोधायची, तिथे पान कापायचं, आणि प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच करायचं. आडवी फट किती मोठी असली की कापायचं, हे आधी ठरवावं लागतं. ती ओळींमधल्या अंतराएवढीच धरली, तर चारही कॉलमांच्या ओळी एका रेषेत असल्याने प्रत्येक ओळ वेगळी होते आणि मजकूर आडवा वाचला जातो. उभ्या पट्टीचंही तसंच. ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द अरुंद कॉलममध्ये आला की उरलेल्या शब्दांत भगदाडं पडतात. पण ती दोन-चार ओळींत बुजतात. कॉलमांमधली पट्टी खालपर्यंत सलग जाते. तिची ओळख रुंदीपेक्षा लांबीवरून पटते.

आमचं फसलेलं एक पान सांगतो. घोडबंदर रोडच्या पाणीटंचाईची बातमी पहिल्या तीन कॉलमांत होती, आणि फोटो दुसऱ्या-तिसऱ्या कॉलमच्या मधोमध. मथळा नीट सुटला, पहिला कॉलमही सुटला. पण दुसऱ्या-तिसऱ्यामधली पट्टी फोटोने अडवली. यंत्राने आधी फोटोच्या वर आणि खाली आडवं कापलं, मग वरचे दोन तुकडे वाचले, मग खालचे दोन. बातमी मात्र दुसऱ्या कॉलमात फोटोवरून उडी मारून खाली जात होती. टँकरच्या दरांचं वाक्य अर्ध्यावर सुटून थेट नगरसेवकाच्या उत्तरात शिरलं. चूक पकडायची खूण साधी: तुकड्याची शेवटची ओळ पूर्ण भरलेली, पूर्णविराम नाही, आणि पुढच्या तुकड्याचा पहिला शब्द तिला जुळत नाही.

मराठीत आणखी एक अडचण. जुने अंक युनिकोडपूर्व फाँटांत आहेत. मजकूर उचलला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा मिळतो. त्यामुळे k2pdfopt सारखं साधन बरं पडतं. ते अक्षरं वाचतच नाही. पानाचं चित्र कापून शब्दांचे तुकडे नव्या ओळींत लावतं. इथे शिरोरेषा मदतीला येते, कारण तिने शब्द बांधलेला असतो आणि शब्द कुठे संपला ते चित्रातही दिसतं. ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांच्या डोक्यावर ती किंचित तुटते, पण ती फट शब्दांमधल्या जागेपेक्षा बरीच लहान असते. मात्र हे साधन एरवी दोनच कॉलम धरतं; चार कॉलमांसाठी तसं सांगावं लागतं:

```
k2pdfopt -col 4 ank.pdf
```

नव्या अंकांचा फोनसाठीचा मजकूर मी पीडीएफमधून काढत नाही. पान लावण्याच्या फाइलमधूनच बातमी अखंड काढतो, तिथे धागा शाबूत असतो. जुन्या अंकांत प्रत्येक तुकड्यावर हाताने क्रमाचे आकडे घालतो. ‘पान ४ वर’ असं लिहिलेल्या बातमीचा उरलेला भाग तर मलाच शोधावा लागतो, आणि एका अंकात तो पान ५ वर निघाला.