वन-लायनर: ईमेल सिग्नेचर आणि व्हिजिटिंग कार्डवरची ओळख

वन-लायनर म्हणजे व्हिजिटिंग कार्डवर नावाखाली आणि ईमेलच्या शेवटी सिग्नेचरमध्ये येणारी एक ओळ, जी वाचून समोरच्याला कळतं की हा माणूस नेमकं काय करतो, कोणासाठी करतो आणि याला कधी फोन करायचा. ही ओळ पंधरा शब्दांच्या आत बसवायची असते. नाव, फोन नंबर, पत्ता, ईमेल हे त्या पंधरात धरत नाहीत. कंपनीची टॅगलाइन वेगळी, ती ब्रँडची असते, आणि डेसिग्नेशन पण वेगळं. "सीनियर कन्सल्टंट" म्हटलं की त्या माणसाची ऑफिसातली पायरी कळते, काम कळत नाही.

पंधराच का, तर जागा तेवढीच असते. आपल्याकडचं नेहमीचं कार्ड साडेतीन इंच बाय दोन इंचाचं. कडेला कटिंगसाठी जागा सोडली, नाव मोठ्या टायपात घेतलं, खाली फोन आणि पत्ता टाकला की मध्ये देवनागरीच्या दोन ओळी आरामात बसतात, तिसरी कोंबली की टाइप लहान करावा लागतो आणि मग मात्रा-वेलांट्या वाचता येत नाहीत. ईमेलचंही तसंच आहे. 1995 साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका निघाली, RFC 1855 नावाची, तिच्यात सिग्नेचर चार ओळींपेक्षा लांब नको असं सांगितलंय. नाव, वन-लायनर, फोन, वेबसाइट, झाल्या चार ओळी.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक फायदा आहे, जो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. "सोसायट्यांसाठी" हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे दोन होतात, "पुण्यातल्या"चेही दोन. त्यामुळे पंधरा मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा जास्त माल बसतो. पण शब्द मोजून खूश होऊ नये, कारण ते शब्द लांबही होतात, आणि "सोसायट्यांसाठी" ओळीच्या शेवटी आला तर मधूनच तुटू शकतो. म्हणून शब्द मोजून झाले की ओळ कार्डच्या मापात टाइप करून बघायची.

ओळ सुचण्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुसऱ्याचा मोबाईल. लोक आपला नंबर कोणत्या नावाने सेव्ह करतात ते विचारा. कोणीही "पाटील, दर्जेदार सेवा" असं सेव्ह करत नाही, "पाटील प्लंबर कोथरूड" असं करतात, म्हणजे नाव, काम, ठिकाण. समोरच्याला सहा महिन्यांनी नळ गळायला लागल्यावर जे आठवणार आहे तेच त्याने टाइप केलेलं असतं. जुन्या पाच-सहा गिऱ्हाइकांना हे विचारलं तर आपल्या ओळीचा सांगाडा आयता मिळतो, आणि आपण स्वतःबद्दल जे लिहीत होतो त्यातलं किती त्यांच्या डोक्यातच नाही हेही कळतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा ठाण्यात एक स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, स्वतःची प्रॅक्टिस आहे, आणि त्याचं बहुतेक काम जुन्या हाउसिंग सोसायट्यांचं आहे. हे काम सतत येत राहतं, कारण महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करून घ्यायचं असतं. म्हणजे त्याचं कार्ड ज्याच्या हातात जाणार तो माणूस ठरलेला आहे, सोसायटीचा सेक्रेटरी. तो बहुतेक वेळा इंजिनियर नसतो, आपली नोकरी सांभाळून हे काम बघतो आणि जनरल बॉडीत त्यालाच उत्तरं द्यायची असतात.

पहिल्या फटक्यात बहुतेक जण लिहितात तसं यानेही लिहिलं: "बी.ई. सिव्हिल, एम.टेक. स्ट्रक्चर्स, सीनियर कन्सल्टंट, बांधकामविषयक सर्व प्रकारचे दर्जेदार सल्ले आणि सोल्युशन्स, 22 वर्षांचा अनुभव". मोजले तर सोळा शब्द, म्हणजे एक जास्त. पण शब्दसंख्येपेक्षा मोठी अडचण ही की यात सेक्रेटरीला हवा असलेला "ऑडिट" हा शब्दच नाही. "सर्व प्रकारचे" लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात एकही प्रकार उमटत नाही. "दर्जेदार सल्ले" ही ओळ कर सल्लागाराच्या कार्डवर टाकली तरी चालेल, विमा एजंटच्याही चालेल, आणि जो शब्द दुसऱ्या कुठल्याही धंद्याच्या कार्डवर तसाच्या तसा चालतो तो पहिला काढायचा. 22 वर्षं तर पुढच्या वर्षी चुकीची ठरतात, कार्डं मात्र हजार छापलेली असतात. अनुभव सांगायचाच असेल तर "2003 पासून" असं लिहिलेलं जुनं होत नाही.

डिग्र्यांबद्दल मात्र थोडं थांबून विचार करावा लागतो. इंजिनियरची डिग्री नावाच्या पुढे लहान अक्षरात आली की पुरे, ती वन-लायनरमध्ये नको, कारण सोसायटीसाठी इंजिनियर शोधणारा सेक्रेटरी समोरचा एम.टेक. आहे की नाही यावरून निवड करत नाही, आपलं काम हा करतो का आणि आपल्या भागात येतो का हे तो आधी बघतो. महापालिकेच्या पॅनेलवर किंवा लायसन्सवर असणं त्याला महत्त्वाचं वाटतं, आणि ते खरंच महत्त्वाचं आहे, पण लायसन्सची मुदत संपते. असल्या गोष्टी ईमेल सिग्नेचरमध्ये घालायच्या, जी दोन मिनिटांत बदलता येते, छापील कार्डवर नाही.

दुसरा प्रयत्न त्याने एकदम उलट्या टोकाला केला, "इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट", तीन शब्द. खरं आहे, स्वच्छ आहे, पण ठाण्यातला प्रत्येक स्ट्रक्चरल ऑडिटर हेच लिहू शकतो. मग त्याने जुन्या सेक्रेटऱ्यांना विचारलं की तुम्ही मलाच का बोलावलंत, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली जी त्याला स्वतःला सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. तो दुरुस्तीचं कॉन्ट्रॅक्ट स्वतः घेत नाही. ऑडिट करणाराच पुढे दुरुस्ती करणार असेल तर सभासदांना कायम शंका येते की रिपोर्टमध्ये काम वाढवून दाखवलंय, आणि ती शंका मिटवण्यात सेक्रेटरीची अर्धी ताकद जाते. म्हणून शेवटची ओळ अशी झाली: "जुन्या सोसायट्यांचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि दुरुस्तीवर देखरेख, ठाणे ते मुलुंड. स्वतः कॉन्ट्रॅक्ट घेत नाही." हे चौदा शब्द आहेत. "हाउसिंग" घातलाच नाही, कारण ठाण्यात सोसायटी म्हटलं की हाउसिंगच समजतात. "जुन्या" ठेवलाय, कारण नव्या बिल्डिंगच्या डिझाइनसाठी येणारे फोन त्याला नको होते. माझ्या मते या ओळीतले शेवटचे चार शब्द सगळ्यात जास्त काम करतात. आपण काय करत नाही हे सांगायला लोक घाबरतात, पण योग्य ठिकाणी सांगितलं तर त्यातच माणूस वेगळा ओळखू येतो.

हीच ओळ ईमेलमध्ये जशीच्या तशी टाकली तर चालेल, पण तिथे एक फरक लक्षात घ्यायचा. कार्ड लोक डोळ्यांनी शोधतात, ईमेल सर्च करून शोधतात. सेक्रेटरी वर्षभराने इनबॉक्समध्ये structural audit असं इंग्रजीत टाइप करणार, आणि सिग्नेचरमध्ये फक्त देवनागरी "स्ट्रक्चरल ऑडिट" असेल तर त्याच्यावरून तो मेल सापडेल याची खात्री नाही. म्हणून मराठी ओळीखाली धंद्याचे दोन शब्द रोमन लिपीत टाकलेले बरे. त्याच कारणासाठी सिग्नेचर फोटो म्हणून चिकटवू नये. फोटोतला मजकूर कॉपी होत नाही, सर्चचा भरवसा नसतो, आणि ज्या मेल प्रोग्रामात बाहेरून येणारे फोटो आपोआप उघडत नाहीत तिथे सुंदर डिझाइनच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो.

जीमेलमध्ये आणखी एक गंमत होते जी लोकांना कित्येक महिने कळत नाही. उत्तर पाठवताना सिग्नेचर आधीच्या सगळ्या मेलच्या खाली, पार तळाला जाते, तीन ठिपक्यांमागे दडते आणि कोणी वाचत नाही. Settings मध्ये General खाली Signature च्या भागात "Insert signature before quoted text in replies" अशी सुरुवात असलेला चौकोन टिक केला की ती आपल्या उत्तराच्या लगेच खाली येते. तो पर्याय निवडल्यावर सिग्नेचरच्या वरची दोन डॅशची रेघही जाते. ती रेघ जुन्या नियमातून आलेली आहे, सिग्नेचर सुरू होण्याआधी दोन डॅश आणि एक स्पेस, म्हणजे मेल प्रोग्रामला कळतं की इथून खाली सिग्नेचर आहे. जीमेलमध्ये एकापेक्षा जास्त सिग्नेचर ठेवता येतात, त्यामुळे पहिल्या मेलला पूर्ण ओळ आणि उत्तरांना फक्त नाव-फोन असं लावून ठेवलं तर लांब संभाषणात तीच ओळ वीस वेळा दिसत नाही.

कार्ड छापताना सगळ्यात जास्त चुका मजकुरात नाही, फॉन्टमध्ये होतात. आपण मोबाईलवर युनिकोडमध्ये लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, आणि डीटीपीवाला जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम करत असेल तर त्याला तो मजकूर एकतर कन्व्हर्ट करावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो. कन्व्हर्ट करताना पहिली वेलांटी एका अक्षराने सरकते, रफार भलत्याच ठिकाणी जातो, "स्ट्र" सारखं जोडाक्षर फुटून पाय मोडलेला "स्" आणि "ट्" वेगळे दिसतात. म्हणजे वरच्या ओळीतला "स्ट्रक्चरल" हाच शब्द धोक्याचा. प्रूफ स्क्रीनवर न बघता प्रिंट काढून, खऱ्या मापात बघायचं, आणि ओळ शेवटच्या शब्दापासून उलटी वाचायची, कारण सरळ वाचलं की डोकं चूक आपोआप दुरुस्त करून पुढे जातं. फाइल देताना मजकुराचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या, करून घ्यायला सांगायचं, म्हणजे प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला तरी अक्षरं बदलत नाहीत.

काही व्यवसायांत ही ओळ मनाला येईल तशी लिहिता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 प्रमाणे वकिलाच्या पाटीवर किंवा स्टेशनरीवर आपण अमुक प्रकारच्या केसेसमध्ये स्पेशलाइझ करतो असं लिहायला मनाई आहे, त्यामुळे "घटस्फोट तज्ज्ञ" असं कार्डवर छापणं वकिलाला महागात पडू शकतं. त्यांच्यासाठी नाव, "ॲडव्होकेट" आणि ऑफिसचं ठिकाण एवढंच राहतं. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेत नावापुढे फक्त मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्या किंवा व्यावसायिक ज्ञान देणारी सर्टिफिकेटं, डिप्लोमा, सदस्यत्वं आणि सन्मान लावायला परवानगी आहे. आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर कंपनी कायदा 2013 च्या कलम 12 प्रमाणे व्यावसायिक पत्रांवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन हा कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल लागतो. हे सगळं ईमेलमध्ये घालायचं असेल तर सिग्नेचरच्या खाली वेगळ्या बारीक ओळीत घालायचं, वन-लायनरमध्ये मिसळायचं नाही.