इतिवृत्त कोणत्या पद्धतीचे हवे, हे सभेआधी ठरवा
(पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, ट्रस्ट आणि शाळा समित्यांच्या सचिवांसाठी)

आमच्या विश्रामबागच्या कार्यालयात इतिवृत्ताचे काम घेऊन येणारे सचिव बहुधा एकच वाक्य बोलतात : "सभा झाली, रेकॉर्डिंग आहे, तुम्ही नेहमीसारखं लिहा." यातल्या "नेहमीसारखं" या शब्दाने दोन्हीकडचे तीन-चार दिवस जातात. म्हणून हे पत्रक.

प्रोसिडिंग लिहिण्याच्या मुख्य पद्धती दोन. ॲक्शन मिनिट्समध्ये विषय, झालेला निर्णय, तो कोणी आणि कधीपर्यंत अमलात आणायचा, एवढेच असते. चर्चात्मक इतिवृत्तात निर्णयाआधी कोणते पर्याय पुढे आले, कोणत्या कारणाने कोणता नाकारला आणि कोणत्या आकड्यांवर निर्णय बेतला, हेही येते. चर्चात्मक म्हणजे शब्दशः नव्हे. कोण काय बोलले ते जसेच्या तसे उतरवणे हा तिसराच प्रकार आहे. समित्यांना त्याची गरज क्वचितच पडते, आणि पडली तर ती बहुधा जबाब नोंदवण्यासाठी. चर्चात्मक इतिवृत्तात "काही सदस्यांनी अशी शंका मांडली" एवढे पुरते. नाव घालायचे ते सूचकाचे, अनुमोदकाचे, विरोध नोंदवणाऱ्याचे आणि विषयात स्वतःचा हितसंबंध असल्याने चर्चेतून बाजूला झालेल्याचे.

फरक एका उदाहरणावरून पाहू. कृष्णेकाठच्या एका पतसंस्थेच्या शाखेची रेकॉर्ड रूम तळमजल्यावर आहे, असे धरा. २०१९ चा पूर सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यामुळे रेकॉर्ड आणि सर्व्हर पहिल्या मजल्यावर न्यायचे ठरते. तीन दरपत्रके येतात : ३,६५,०००, ४,२०,००० आणि ४,४८,००० रुपये. मंजूर होते ते मधले. एका संचालकाचा विरोध असतो.

ॲक्शन पद्धतीने नोंद अशी होईल :

"ठराव क्र. ४. रेकॉर्ड रूम व सर्व्हर पहिल्या मजल्यावर हलवण्यासाठी ४,२०,००० रुपयांचे दरपत्रक बहुमताने मंजूर. एका संचालकाचा विरोध, नाव नोंदवले. वर्क ऑर्डर २० एप्रिलपर्यंत शाखाधिकारी यांनी द्यावी. काम ३१ मेपूर्वी पूर्ण करून घ्यावे."

शाखाधिकाऱ्याला कामाला लागायला एवढे पुरते. पण वर्षाने लेखापरीक्षक दप्तर उघडतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असतो, सर्वांत कमी दराचे दरपत्रक का नाकारले? वरच्या नोंदीत त्याचे उत्तर नाही. चर्चात्मक नोंदीत ते असे येते :

"तिन्ही दरपत्रके सभेपुढे ठेवण्यात आली. ३,६५,००० रुपयांच्या दरपत्रकात वायरिंग धरलेले नाही व कामास ४५ दिवस लागतील, म्हणजे काम जूनमध्ये जाईल, असे निदर्शनास आले. ४,२०,००० रुपयांच्या दरपत्रकात वायरिंग समाविष्ट असून मुदत २० दिवसांची आहे. एका संचालकांनी जागा हलवण्याऐवजी रेकॉर्ड मुख्य कार्यालयात ठेवावे, असे मत मांडले. दैनंदिन व्यवहारास रेकॉर्ड शाखेतच लागते, या कारणाने ते मान्य झाले नाही. सदर संचालकांनी ठरावास विरोध नोंदवला."

पाच-सहाच वाक्ये वाढली, पण लेखापरीक्षकाच्या प्रश्नाला दप्तरच उत्तर देते. विरोधाची नोंद मात्र दोन्ही पद्धतींत हवीच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ मध्ये समिती सदस्यांची निर्णयांबाबत संयुक्त जबाबदारी आहे, आणि ज्याने विरोध नोंदवला त्याला त्या ठरावाच्या जबाबदारीतून सूट आहे. तोंडी केलेला विरोध प्रोसिडिंगला उतरला नाही तर ही सूट सिद्ध करणे अवघड जाते. ॲक्शन मिनिट्स छोटी करायच्या नादात "सर्वानुमते मंजूर" हा तयार शिक्का मारला जातो, आणि पुढे भांडण तिथूनच सुरू होते.

आता वेळ खाणाऱ्या चुकीकडे वळू. सभेआधी पद्धत ठरलेली नसेल तर टिपणे घेणारा स्वतःच्या सवयीने लिहितो, आणि बहुधा फक्त निर्णय टिपतो. पंधरा दिवसांनी अध्यक्ष म्हणतात, "कारणं पण घाला." ती कागदावर नसतात. मग रेकॉर्डिंग ऐकणे आले. आठ-दहा जण एकाच वेळी बोलत असलेल्या एका तासाच्या सभेला आम्हाला तीन ते चार तास लागतात, आणि पंख्याखाली ठेवलेल्या मोबाईलवरचे निम्मे शब्द तरीही हुकतात. उलट दिशा सोपी आहे. चर्चात्मक मसुद्यातून ॲक्शनची यादी काढायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत नाही. म्हणून शंका असेल तर टिपणे चर्चात्मक घ्या, गाळायचे ते नंतर गाळता येते.

निवड करताना समितीचे नाव पाहू नका. दोन वर्षांनी हे पान कोण वाचणार, ते पाहा. वाचणारे तेच सदस्य असतील तर ॲक्शन पद्धत पुरे. दर आठवड्याला बसणारी वसुली उपसमिती, उत्सव समिती, इमारतीच्या देखभालीची छोटी समिती यांना एक पान बस आहे, फक्त प्रत्येक ओळीत नाव आणि तारीख हवी. "योग्य ती कार्यवाही करावी" ही ओळ आम्ही मसुद्यात ठेवत नाही. ज्या कामाला नाव नाही ते पुढच्या सभेत तसेच परत येते. वाचणारा बाहेरचा असेल, म्हणजे लेखापरीक्षक, निबंधक, न्यायालय किंवा नव्याने निवडून आलेली समिती, तर कारणांसह लिहा. कर्जमंजुरी नाकारणे, मोठी खरेदी, कर्मचाऱ्यावरील कारवाई, सभासदाचे नाव कमी करणे हे विषय त्यात येतात.

खरे तर संचालक मंडळाच्या सभेला मिश्र पद्धतच बरी पडते. बारा विषयांपैकी नऊ ॲक्शन पद्धतीने, उरलेले तीन कारणांसह. विषयपत्रिका काढतानाच अशा विषयांपुढे "का" अशी खूण करा. टिपणे घेणाऱ्याला तेवढे पुरते. वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांचे प्रश्न आणि व्यासपीठावरून मिळालेली उत्तरे थोडक्यात घ्या. त्यात टाळ्या आणि आभार वाढवू नयेत.

आमच्या दोन नियमांबद्दल कुरकुर ऐकू येते. पहिला, कायम झालेल्या इतिवृत्तात आम्ही मागून मजकूर घालत नाही. दुरुस्ती हवी तर ती पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करण्याच्या विषयात मांडा. तिची नोंद त्या सभेच्या प्रोसिडिंगला होते, जुने पान तसेच राहते. दुसरा, चर्चात्मक कामाचा दर ॲक्शनच्या दीडपट आहे. पण सभेआधी खुणा केलेली विषयपत्रिका दिलीत तर मिश्र कामात जादा आकार फक्त कारणांच्या विषयांनाच लागतो. आमचा माणूस सभेला बसवलात तर रेकॉर्डिंग ऐकण्याचा खर्चच येत नाही. मसुदा तिसऱ्या दिवशी मिळतो.

येताना विषयपत्रिका, हजेरीपत्रक, दरपत्रकांसारखी जोडपत्रे आणि मागच्या सभेचे कायम झालेले इतिवृत्त आणा. रेकॉर्डिंग असल्यास पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवलेले ऑडिओ क्रमाने लावण्यातच आमची सकाळ जाते.