टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत चालतं?

“दिवस गेल्याचं कळलं की दारू-तंबाखू सोडायची. त्याआधी बाळ असतंच कुठे?”

तारखा मांडून बघा. पाळी १ जूनला आली आणि चक्र २८ दिवसांचं असेल, तर गर्भधारणा साधारण १४ जूनला होते. पाळी चुकते २९ जूनला. आठवडाभर वाट पाहून ६ जुलैला टेस्ट केली, तर गर्भ २२ दिवसांचा झालेला असतो. याच सुमारास हृदयाची धडधड सुरू होते, मेंदू आणि मणक्याची नळी मिटू लागते. चेहऱ्याची आणि मेंदूची जडणघडण दारूने बिघडू शकते ती याच आठवड्यांपासून, आणि दारूचं सुरक्षित प्रमाण असं काही ठरलेलं नाही.

तंबाखू चघळणाऱ्यांना वाटतं, धूर नाही म्हणजे धोका नाही. पण निकोटिन रक्तातून वारेपलीकडे बाळापर्यंत जातंच. वजन कमी भरणं, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, पोटातच मूल दगावणं हे धोके चघळण्यानेही वाढतात.

नवरोबांनो, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा तुम्ही निदान तीन महिने आधी सोडा.

नकळत घेतली गेली असेल तर घाबरून गर्भ पाडायचा विचार करू नका. डॉक्टरांना खरं सांगा आणि आजच थांबा. पहिल्या तीन महिन्यांत धूम्रपान सुटलं, तर बाळाचं वजन बहुधा न ओढणाऱ्या आईच्या बाळाइतकंच भरतं.