आधार तेलातले घरगुती अत्तर

गोड बदाम किंवा जोजोबासारख्या मंद वासाच्या तेलात इसेन्शियल ऑइलचे मोजके थेंब मिसळून केलेले, अंगाला लावायचे सुगंधी तेल. पारंपरिक अत्तरात फुलांचा अर्क ऊर्ध्वपातन करताना चंदनतेलात उतरवतात, त्यामुळे काटेकोर अर्थाने हे अत्तर नव्हे. पण इंदूरच्या मराठी घरांत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाताला लावतात ते अत्तरच, मग ते कसेही केलेले असो.

इंदूरकरांना यासाठी रोशाचे तेल जवळचे. दक्षिणेकडच्या निमाडात रोशा गवत पूर्वापार आहे. त्याच्या ‘मोतिया’ वाणाच्या तेलात जेरॅनिऑल भरपूर असते आणि गुलाबातही तेच असल्याने वास गुलाबाच्या वळणाचा येतो. जोडीला वाळ्याचे तेल घ्यावे. ते जड असल्याने सावकाश उडते आणि रोशाचा वास ओसरल्यावरही मागे राहते.

हळदीकुंकवाला अत्तर दुसऱ्यांच्या हाताला लागते, म्हणून प्रमाण दोन टक्क्यांच्या वर नेऊ नये. एक मिलिलिटर म्हणजे साधारण 20 थेंब. 10 मिलिलिटरच्या बाटलीत 200 थेंब मावतात, त्यांतले दोन टक्के म्हणजे फक्त 4. रोशाचे 2, लॅव्हेंडरचा 1, वाळ्याचा 1, बाकी सगळे आधार तेल. बाटली हुंगली की हे फार कमी वाटते आणि हात आणखी थेंबांकडे जातो. तिथेच थांबावे. बाटली दोन-तीन दिवस अंधारात ठेवून मगच वास ठरवावा, कारण ताज्या मिश्रणात तेलांचे वास सुटे सुटे येतात. वाळ्याचे तेल घट्ट असल्याने त्याचा थेंब मोठा पडतो. घाई करून ड्रॉपर दाबला तर एकाऐवजी दोन-तीन पडतात आणि ओल्या मातीसारखा वास बाकी सगळ्यावर चढतो.

खोबरेल मात्र संक्रांतीला उपयोगाचे नाही. ते साधारण 24 अंशांखाली थिजते आणि इंदूरच्या जानेवारीत बाटलीतच पांढरे होऊन बसते. बदामाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी जोजोबा बरे.

दोन टक्क्यांचा हिशेब सगळ्याच तेलांना लागू नाही. लवंगतेलाची मर्यादा अर्धा टक्का धरतात, म्हणजे 10 मिलिलिटरला एकच थेंब. दालचिनीच्या सालीचे तेल याहूनही तीव्र आहे, ते घरी त्वचेसाठी वापरूच नये. साल दाबून काढलेले लिंबाचे तेल लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. लहान मुलांना आणि गरोदर बायकांना हे अत्तर लावू नये.

तयार तेलाचा ठिपका आधी स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास पाहावे. लाली, खाज किंवा पुरळ आले तर ते कोणालाही लावू नये. आग होऊ लागली तर नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. आधी साधे आधार तेल चोळून पुसावे, मग साबणाने धुवावे.

बाटली गडद काचेची असावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. लॅव्हेंडर हवा लागून जुने झाले की त्वचेला जास्त बाधते. बदामतेलाला जुन्या शेंगदाण्यांसारखा खवट वास आला, की ती बाटली टाकून द्यावी.